ईर्षा पाहिजे, खुन्नस नको

मॅचच्या आदल्या रात्री तुमचा मोबाईल कसा असतो ते आठवा. पेठेच्या ग्रुपवर पोस्टर पडतं. वाघाचं तोंड, मागे जाळ, खाली एकच ओळ: 'उद्या शिकार'. पाच मिनिटांत समोरच्या पेठेचं पोस्टर येतं आणि त्यात तुमच्या वाघाचं मांजर झालेलं असतं. मग स्क्रीनशॉट फिरतात. कोणीतरी कोणाच्या तरी गल्लीचं नाव घेतो, कोणीतरी थेट आईबहिणीवर घसरतो. रात्री एकपर्यंत दोनशे मेसेज होतात. आता मला सांगा, या दोनशे मेसेजमधून उद्याच्या मॅचबद्दल तुम्हाला काय कळलं? समोरचा स्ट्रायकर डाव्या पायाचा आहे की उजव्या, एवढं तरी कळलं का?

कोल्हापुरात राहून मॅचच्या आदल्या रात्री शांत बसा, असं मी सांगणार नाही. मलाच ते जमत नाही. आपल्याकडचं फुटबॉल तालमींतून आलंय. जिथं कुस्तीचा आखाडा होता, त्याच तालमींनी संस्थानकाळापासून फुटबॉलच्या टीम उभ्या केल्या. 1940 साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आपली केएसए, सुरू झाली आणि या पेठापेठांच्या चुरशीला एक मैदान मिळालं. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही नुसती क्लबची नावं नाहीत, घरचे पत्ते आहेत. त्यामुळं शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेला माणूस टीम बघायला आलेला नसतो, स्वतःची पेठ बघायला आलेला असतो. एवढं सगळं पणाला लागल्यावर आदल्या रात्री बोलणार तर प्रत्येकजण. बोलायचं काय, एवढाच प्रश्न आहे.

यावर लिहायचा अधिकार मला एका चुकीमुळं मिळाला. इंटर्नशिपच्या दुसऱ्याच आठवड्यात मला एका स्थानिक मॅचचा प्रिव्ह्यू लिहायला सांगितला. मॅच माझ्या पेठेची. मी अर्ध्या तासात चारशे शब्द लिहून दिले. 'धूळ चारणार', 'लोळवणार', 'चारी मुंड्या चीत', सगळं होतं त्यात. डेस्कवरच्या सरांनी कॉपी वाचली आणि एकच विचारलं, "समोरच्या टीमचा गोलकीपर कोण आहे?" मला माहीत नव्हतं. "मागच्या मॅचला त्यांच्यावर गोल कुठून बसला?" तेही माहीत नव्हतं. सर ओरडले नाहीत. कॉपी परत माझ्याकडे सरकवत म्हणाले, "म्हणजे तू मॅचबद्दल लिहिलेलंच नाहीस."

त्या दिवशी मला एक साधी गोष्ट कळली. अपमान करायला काहीच माहिती लागत नाही. 'शेळ्या', 'पळपुटे', 'औकात नाही' हे शब्द कुठल्याही टीमला, कुठल्याही वर्षी, कुठल्याही खेळात चिकटवता येतात. म्हणूनच ते वाचून अंगावर काटा येत नाही. उलट कोणी सांगितलं, की त्यांचा लेफ्ट बॅक पुढं चढला की त्याच्या मागं जागा मोकळी राहते आणि आपला सात नंबर नेमका तिथंच पळतो, तर उद्या चार वाजता तुमची नजर त्या जागेवरून हलणार नाही. खरी उत्सुकता ही अशी, नेमक्या माहितीतून तयार होते.

आपल्याकडे यासाठी दोन शब्द आहेत आणि दोन्ही रोज वापरात आहेत. एक ईर्षा, दुसरा खुन्नस. पुस्तकी मराठीत ईर्षा म्हणजे मत्सर. पण कोल्हापूरकर 'पोरं ईर्षेनं खेळली' म्हणतो, तेव्हा ते कौतुक असतं. ईर्षेत समोरचा मोठा असावा लागतो, नाहीतर ईर्षा करायची कोणाशी? खुन्नसमध्ये समोरच्याला आधी लहान करावं लागतं. इथं साधा हिशोब आहे. तुम्ही समोरच्या टीमला आदल्या रात्री शेळ्या म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी जिंकलात, तर तुम्ही शेळ्यांवर जिंकलात. हरलात, तर शेळ्यांकडून हरलात. दोन्हीकडून तोटा तुमचाच.

हे भारतीय फुटबॉलमध्ये सगळ्यात ठळकपणे घडलं ते कोलकात्यात. 13 जुलै 1997, फेडरेशन कपची सेमीफायनल, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. मोहन बागानचे कोच होते अमल दत्त. त्यांची 'डायमंड सिस्टीम' तेव्हा गाजत होती आणि टीम जोरात गोल करत होती. म्हणजे मॅचआधी बोलायला त्यांच्याकडे भरपूर खरा माल होता. ही सिस्टीम कशी चालते, ईस्ट बंगाल तिला कसं अडवणार, ईस्ट बंगालचे कोच पी. के. बॅनर्जी काय उत्तर काढणार, हे विचारूनच सगळं शहर जागं राहिलं असतं. पण दत्त घसरले समोरच्या खेळाडूंच्या नावांवर. बायचुंग भुतियाला 'चुंग चुंग' म्हणाले. ओमोलोचं 'ऑम्लेट' केलं. सोसोचा 'शोशा' केला. बंगालीत शोशा म्हणजे काकडी.

सॉल्ट लेक स्टेडियमवर त्या दिवशी सव्वा लाखाहून जास्त लोक होते. ईस्ट बंगालनं मॅच 4-1 अशी जिंकली. चारपैकी तीन गोल बायचुंगनं केले.

आता अपमान केला म्हणून हॅटट्रिक झाली, असं मी म्हणणार नाही. गोल पायानं होतात, रागानं नाही. पण पंचवीस वर्षांहून जास्त काळ लोटला तरी त्या मॅचची गोष्ट सांगताना लोक काकडी आणि ऑम्लेट विसरत नाहीत. आणि दत्तांची डायमंड सिस्टीम, जी खरंच धाडसी कल्पना होती, ती त्या टोमण्यांच्या सावलीत गेली. म्हणून कुठलाही प्रिव्ह्यू लिहिल्यावर पहिली परीक्षा ही घ्यायची: निकाल उलटा लागला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी हेच वाक्य मला वाचवेल का? 'बायचुंगला गोलकडे तोंड करून वळू दिलं तर आमचं अवघड आहे' असं आदल्या दिवशी कोणी लिहिलं असतं, तर 4-1 नंतर तो माणूस जाणकार ठरला असता. 'चुंग चुंग'ला दुसरी सकाळच नसते.

मग प्रिव्ह्यू लिहायचा कसा? मला शिकवलं गेलं ते सांगते. पेपरसाठी लिहा, कॉलेजच्या बोर्डसाठी लिहा नाहीतर इन्स्टाच्या कॅप्शनसाठी, काम तेच आहे.

आधी समोरच्या टीमची एक मॅच पूर्ण बघायची. त्यांची आणि दुसऱ्याच कुठल्यातरी टीमची. आपली मॅच बघताना आपण फक्त आपली पोरं बघतो, म्हणून ती चालत नाही. वहीत तीनच गोष्टी लिहायच्या. गोल किंवा गोलची संधी आली की ती कुठल्या बाजूनं आली. बॉल हातचा गेल्यावर त्यांचे कोण परत धावतात आणि कोण कमरेवर हात ठेवून उभे राहतात. आणि शेवटच्या वीस मिनिटांत त्यांचा खेळ बदलतो का. आपल्याकडे मॅच उन्हात असतात, त्यामुळं ही तिसरी नोंद फार बोलते. एका मॅचमध्ये पानभर होतं, जास्त नाही.

मग त्यांच्या बाजूच्या एका माणसाशी बोलायचं. मला हे सोपं गेलं, कारण माझ्या आईचं माहेर समोरच्या पेठेत आहे आणि मामा गेली कित्येक वर्षं त्यांच्या टीमची मॅच चुकवत नाही. मी फोन केला आणि विचारलं, "मामा, तुमच्या टीममध्ये असं कोण आहे, ज्याचं नाव होत नाही पण तो नसला की घोटाळा होतो?" मामा दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, "सहा नंबर. पण हे तू छापणार असशील तर सांगत नाही." मग वीस मिनिटं सांगत बसला. मैदानात जे दिसलं होतं, त्याचा अर्थ त्या वीस मिनिटांत लागला.

आता एक उदाहरण घेऊ. खऱ्या तालमींची नावं घेत नाही, नाहीतर उद्या अर्धी पेठ मला धरेल आणि उरलेली अर्धी माझ्या घरातच आहे. समजा, आपली 'वरची तालीम' आणि त्यांची 'खालची तालीम'. लीगच्या पाच-पाच मॅच झाल्यात. खालचीनं चार जिंकल्या, एक हरली: बारा गुण. आपण तीन जिंकल्या, दोन बरोबरीत: अकरा गुण. नेहमीचं पोस्टर म्हणेल, 'बाप आला रे'. त्याऐवजी हे वाचा:

"उद्या चार वाजता वरची विरुद्ध खालची. त्यांना बरोबरी चालते, आपल्याला चालत नाही. अडचण अशी, की पाच मॅचमध्ये त्यांच्यावर दोनच गोल बसलेत आणि दोन्ही कॉर्नरवरून. चालत्या खेळात त्यांची फळी अजून कोणी फोडलेली नाही. त्यांचा लेफ्ट बॅक बॉल घेऊन वर निघाला की अख्खं स्टेडियम उभं राहतं, आणि ते बरोबरच आहे. पण तो वर गेला की त्याच्या मागं वीसेक पावलांची जागा राहते. आपला सात नंबर त्याच जागेत पळतो. त्यांचा सहा नंबर दर वेळी धावत येऊन ती जागा झाकतो. उद्याची मॅच या दोघांची आहे. पहिल्या हाफमध्ये आपल्याला तीन-चार कॉर्नर मिळाले, तर समजा सात नंबर पोचतोय. शेवटची वीस मिनिटं उरली आणि अजून शून्य-शून्य असेल, तर घाई आपल्याला असेल, त्यांना नाही. आणि खालचीनं आपले बरेचसे गोल समोरचा घाईनं पुढं चढल्यावरच केलेत."

हा निष्पक्ष प्रिव्ह्यू नाही. 'आपला' हा शब्द त्यात मोकळेपणानं आलाय, कारण तो आपल्या पेठेच्या ग्रुपवर जाणार आहे. तरीही त्यात समोरच्याचा अपमान नाही. त्यांची कमजोर जागा तर थेट सांगितलीय. मग फरक कुठं पडला?

पहिला फरक क्रमाचा. त्यांची ताकद आधी आली, फट नंतर. चालत्या खेळात एकही गोल न खाल्लेली फळी, असं वाचल्यावर मगच त्या वीस पावलांच्या जागेला किंमत येते. उलट क्रमानं लिहिलं असतं, तर तीच माहिती चेष्टा वाटली असती. दुसरा फरक असा, की कमजोरी खेळातली आहे, माणसातली नाही. 'लेफ्ट बॅकच्या मागं जागा राहते' हे मैदानावर जाऊन तपासता येतं. 'लेफ्ट बॅक घाबरट आहे' हे तपासता येत नाही, त्यानं फक्त तो पोरगा दुखावतो. आणि तो पोरगा कोण असतो? एकोणीस-वीस वर्षांचा, कदाचित तुमच्याच वर्गातला, सोमवारी तुमच्या शेजारच्या बाकावर बसणारा. त्याचं घर, त्याच्या बापाचा धंदा, त्याची जात, त्याची पेठ, यातलं काही उद्या मैदानात उतरणार नाही. बाहेरून, परदेशातून खेळायला आलेल्या खेळाडूच्या रंगाबद्दलही हेच. तिथं 'गंमत केली' ही सबब चालत नाही.

तिसरा फरक, भविष्य सांगितलेलं नाही. 'तीन-शून्यनं मारणार' असं लिहिलं की वाचणाऱ्याला करायला काही उरत नाही, फक्त हो किंवा नाही म्हणायचं. 'असं झालं तर तसं' लिहिलं की तो चार वाजल्यापासून बोटांवर कॉर्नर मोजत बसतो. मामाला मी माझा दुसऱ्या वेळचा प्रिव्ह्यू छापायच्या आधी त्यांच्या टीमपुरता वाचून दाखवला होता. तो ऐकून म्हणाला, "बरोबर लिहिलंयस. पण उद्या सहा नंबर तुमच्या पोराला सोडत नाही बघ." हीच दुसरी परीक्षा. समोरच्या पेठेतल्या माणसाला तुमचा मजकूर वाचून दाखवा. तो चिडून फोन ठेवत असेल तर पुन्हा लिहा. तो 'बरोबर आहे, पण' असं म्हणत असेल तर मॅच रंगली. त्या 'पण' मध्येच सगळी ईर्षा असते.

शब्दांचंही थोडं बघा. 'बदला घेणार' आणि 'परतफेड करणार' यांत तुम्हाला फार अंतर वाटणार नाही. पण पहिल्यात मागच्या मॅचचा राग आहे, दुसऱ्यात मागच्या मॅचचा स्कोअर. 'चिरडलं'पेक्षा 'नमवलं' म्हटल्यानं विजय छोटा होत नाही. आणि मागचा इतिहास सांगायचाच तर दोन्हीकडचा सांगा. आपण जिंकलेल्या तीन मॅच लिहायच्या आणि हरलेल्या दोन गाळायच्या, हे वाचणारा लगेच ओळखतो. त्यानंतर तो तुमच्या खऱ्या माहितीवरही विश्वास ठेवत नाही.

याचा उलटा धोकाही आहे, तो लपवत नाही. काही प्रिव्ह्यू इतके सांभाळून लिहिलेले असतात की वाचून झोप येते. 'दोन्ही संघ तुल्यबळ असून चुरशीची लढत अपेक्षित आहे.' हे वाक्य कुणाचा अपमान करत नाही आणि कुणाला स्टेडियमपर्यंत आणतही नाही. शिवी आणि हे गुळमुळीत वाक्य, दोन्ही एकाच कारणानं तयार होतात: लिहिणाऱ्यानं मॅच बघितलेली नसते. चिमटा काढा ना, हरकत नाही. 'सहा नंबरनं आज रात्री लवकर झोपावं, उद्या त्याला भरपूर पळायचंय' हा चिमटाच आहे. पण तो त्याच्या कामावर आहे, आणि सहा नंबर स्वतः तो वाचून हसेल.

तुम्ही म्हणाल, एका पोस्टरनं काय होतंय? एकानं काहीच होत नाही, हे मान्य. पण हुल्लडबाजीमुळं आपल्या मॅच थांबल्यात, बंदोबस्त वाढलाय, घरचे 'मॅचला जाऊ नको' म्हणायला लागलेत, हे तुम्हीही बघितलंय. कोलकात्यात 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल मॅचमध्ये स्टँडमध्ये गोंधळ झाला आणि 16 प्रेक्षक जीवानिशी गेले. ते मॅच बघायला आलेले लोक होते. ती घटना कुठल्या प्रिव्ह्यूमुळं झाली नव्हती. पण भरलेल्या स्टँडमध्ये ठिणगी पडायला किती थोडं लागतं, ते त्या दिवसानं दाखवलं. आपण आदल्या रात्री स्टँडमध्ये काय भरून पाठवतो, हे मात्र आपल्या हातात आहे.

आणि हे सगळं ज्यांच्याशी, ते आहेत कोण? 2019 च्या महापुरात पाणी शहरात शिरलं, तेव्हा पेठापेठांतल्या तालमींची आणि मंडळांची पोरं मदतीला पाण्यात उतरली होती. तेव्हा कोणी कोणाला पेठ विचारून हात दिला नाही.

तर येत्या मॅचच्या आदल्या रात्री पोस्टर जरूर टाका. वाघही राहू दे. फक्त खाली 'उद्या शिकार' लिहायच्या ऐवजी एक खरी गोष्ट लिहा, जी समोरच्या टीमची मॅच बघितल्याशिवाय लिहिताच आली नसती. मी माझी वही घेऊन पायऱ्यांवर असेन. मामा समोरच्या बाजूला असेल. मॅच संपल्यावर रात्री जेवायला आम्ही एकाच ताटाभोवती असू, आणि सहा नंबरनं सात नंबरला सोडलं की नाही, यावर भांडण तिथंच होईल. नाद खुळा भांडण, पण फुटबॉलवरचं.